कूलंट वारंवार कमी होत असेल तर कोठे पाहावे: नव्या प्रशिक्षणार्थींसमोरील भाषण

बंधू-भगिनींनो,

उद्यापासून तुम्ही प्रत्यक्ष गाडी चालवायला घेणार आहात, म्हणून आजचा तास मी बोनेट उघडून घेत आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये ड्रायव्हिंग स्कूलसाठी जो अभ्यासक्रम दिला आहे, त्यात चालकाने आसनावर बसण्यापूर्वी करायच्या तपासण्यांचा समावेश आहे. परवान्याच्या चाचणीत याविषयी फारसे कोणी विचारत नाही आणि त्यामुळे शिकणारेही हा भाग सोडून देतात. आपल्याकडे तो सोडता येणार नाही.

प्रवासाला निघण्यापूर्वी इंजिन ऑईल, कूलंट आणि ब्रेक ऑईल ही तीन द्रव्ये पाहायची असतात, आणि त्यांच्या जोडीला काच धुण्याचे पाणी. यांपैकी कूलंटवर मी आज सर्वाधिक वेळ घेणार आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर या पट्ट्यातील जे लोक आमच्याकडे शिकून जातात, ते उन्हाळ्यात परत येतात ते बहुतेक एकच तक्रार घेऊन: रेडिएटरला पाणी टाकले की दोन-चार दिवस गाडी बरी चालते, मग पाणी पुन्हा कमी होते आणि गाडी पुन्हा तापते. पाणी टाकणे हा या तक्रारीवरचा उपाय नव्हे. कूलंटची यंत्रणा बंदिस्त असते. पूर्वीच्या जीपला किंवा ट्रॅक्टरला जसे रोज सकाळी पाणी घालावे लागे, तसे आजच्या गाडीला लागत नाही. निरोगी यंत्रणेत कित्येक महिने पातळी डोळ्यांना जाणवण्याइतकी बदलत नाही. त्यामुळे पातळी पुन्हा पुन्हा खाली येत असेल, तर कूलंट कोठून तरी निश्चितपणे बाहेर जात आहे, आणि ते कोठून जाते हे शोधणे हेच खरे काम आहे.

प्रथम पातळी कशी पाहायची ते समजून घ्या. गाडी सपाट जागेवर उभी असावी आणि इंजिन पूर्ण थंड असावे, म्हणजेच सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वीची वेळ सर्वांत चांगली. रेडिएटरच्या बाजूला अर्धपारदर्शक प्लॅस्टिकची एक छोटी टाकी असते, तिला आपण रिझर्व्ह टाकी म्हणतो. तिच्यावर ‘मॅक्स’ आणि ‘मिन’ किंवा ‘फुल’ आणि ‘लो’ अशा दोन रेषा असतात. थंड इंजिनात पातळी या दोन रेषांच्या मध्ये असली पाहिजे. इंजिन तापले की कूलंट प्रसरण पावते आणि टाकीतील पातळी वर चढते, म्हणून गरम गाडीत दिसलेली पातळी आदल्या दिवसाच्या थंड पातळीशी ताडून पाहू नये. टाकी जुनी होऊन पिवळी पडली असेल आणि आतली रेषा दिसत नसेल, तर मागून मोबाईलची बॅटरी लावा किंवा गाडी किंचित हलवा. आतला द्रव हलला की त्याची कड दिसते.

या तपासणीत एक फसवी जागा आहे आणि आजचे माझे बोलणे मुख्यतः तिच्याभोवती आहे. रिझर्व्ह टाकी भरलेली दिसली म्हणजे रेडिएटर भरलेला आहे, असे होतेच असे नाही. हे कळण्यासाठी रेडिएटरचे झाकण काय काम करते ते जाणून घ्यावे लागेल.

ते झाकण केवळ तोंड बंद करण्यासाठी नसते. त्यात दोन झडपा असतात. मोठी झडप स्प्रिंगने दाबून धरलेली असते आणि आतील दाब ठरावीक मर्यादेपेक्षा वाढला की ती उघडते. ही मर्यादा झाकणावरच छापलेली असते, बहुतेक लहान गाड्यांमध्ये ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. दाबाखाली पाणी उशिरा उकळते. साधे पाणी मोकळ्या भांड्यात १०० अंशांना उकळते, तेच १.१ दाबाच्या झाकणाखाली १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही, आणि निम्मे कूलंट व निम्मे पाणी असलेले मिश्रण त्याहूनही उशिरा. इंजिनमधील पाणी रोज ९० ते १०० अंशांच्या घरात काम करते आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेरची हवाच ४५ अंशांवर असते, म्हणून हा दाबाचा आधार येथे फार मोलाचा ठरतो. झाकणाचे रबर कडक झाले किंवा त्याला चीर गेली की दाब टिकत नाही, आणि जे मिश्रण उकळायला नको होते ते उकळू लागते.

दुसरी झडप झाकणाच्या अगदी मधोमध असते, नखाएवढी. इंजिन तापल्यावर जास्तीचे कूलंट मोठ्या झडपेतून रिझर्व्ह टाकीत जाते, आणि रात्री इंजिन थंड झाल्यावर आत पोकळी निर्माण होते, तेव्हा ही लहान झडप उघडून टाकीतील कूलंट परत रेडिएटरमध्ये ओढले जाते. हे येणे-जाणे रोज चालू असते. लहान झडप चिकटून बसली, तर गेलेले कूलंट परत येत नाही. टाकी भरत जाते, तिच्या वरच्या नळीतून जास्तीचे जमिनीवर सांडते, आणि इकडे रेडिएटर मात्र रिकामा होत जातो.

आमच्याकडे शिकून गेलेल्या एका शेतकऱ्याचे प्रकरण याच प्रकारचे होते आणि ते मी तपशिलाने सांगतो, कारण त्यात या समस्येची बहुतेक अंगे एकत्र आली होती. त्यांनी जुनी, लहान पेट्रोल कार घेतली होती. गावाहून दर्यापूरला येण्या-जाण्यात काही त्रास नव्हता, पण परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात गाडी चढवली की तापमानाचा लाल दिवा लागे. “भाऊ, टाकी त भरली दिसते, तरी गाडी गरम होऊन रायली,” असे ते म्हणाले. एका गॅरेजमध्ये त्यांना इंजिन आणि रेडिएटर जोडणारा वरचा होज पाईप बदलून दिला होता, कारण तो चपटा झालेला आढळला होता. नवा पाईप बसवल्यावरही तक्रार गेली नाही आणि नवा पाईपही चपटा होऊ लागला.

मी त्यांना गाडी रात्रभर आमच्या आवारात ठेवायला सांगितले. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना पाहिले, तर रिझर्व्ह टाकी ‘मॅक्स’च्या वर होती आणि वरचा होज पाईप हाताने दाबून ठेवल्यासारखा आत गेलेला होता. झाकण थोडे फिरवले तेव्हा फुस्स असा आवाज आला आणि पाईप जागच्या जागी फुगून गोल झाला. बाहेरची हवा आत शिरली होती, म्हणजे आत पोकळी अडकून राहिली होती. झाकण काढून आत डोकावलो, तर पाण्याची पातळी तोंडापासून बरीच खाली होती. भरून पाहिले तेव्हा एक लिटरहून थोडे अधिक पाणी मावले. अशा लहान गाडीच्या संपूर्ण यंत्रणेत चार-पाच लिटर कूलंट असते, तेव्हा ही तूट किती मोठी आहे हे तुमच्या लक्षात येईल. झाकणाची मधली झडप नखाने ओढून पाहिली. चांगल्या झाकणात ती सहज सुटते आणि सोडल्यावर परत बसते. या झाकणात ती पांढऱ्या, खडबडीत थराखाली घट्ट चिकटलेली होती.

झाकण त्याच दाबाचे नवीन आणले. येथे एक सूचना करून ठेवतो: दुकानदार “हे पण बसते” म्हणून वेगळ्या दाबाचे झाकण देईल ते घेऊ नये. कमी दाबाचे घेतले तर पाणी लवकर उकळते, आणि जास्त दाबाचे घेतले तर जुन्या पाईपांवर व रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाक्यांच्या जोडावर नको तितका ताण येतो. नव्या झाकणानंतर वरचा पाईप सकाळी गोल राहू लागला आणि टाकीतील पातळी रात्री खाली उतरू लागली, याचा अर्थ येणे-जाणे सुरळीत झाले. तरीही पुढील काही दिवसांत पातळी थोडी थोडी घसरतच राहिली. म्हणजे कारण एक नव्हते, दोन होती.

दुसरे कारण शोधण्यासाठी जी पद्धत वापरली ती तुम्हीही घरी वापरू शकता. टाकीवर थंड पातळीच्या ठिकाणी कायम शाईच्या पेनने बारीक खूण करा. एका वहीत तारीख, मीटरचे आकडे आणि खुणेपासून पातळी किती खाली गेली हे लिहा. रात्री इंजिनखाली जाड पुठ्ठा अंथरा आणि त्याच्या कडांवर चाकांची जागा आखून ठेवा, म्हणजे सकाळी दिसलेला डाग इंजिनच्या कोणत्या भागाखाली आहे ते कळते. पुठ्ठ्यावर डाग आणि वहीत घसरण, दोन्ही असतील तर गळती बाहेरची आहे. वहीत घसरण आहे पण पुठ्ठा कोरडा आहे, असे असेल तर एक तर गळती केवळ चालत्या, गरम इंजिनात होते, किंवा कूलंट इंजिनच्या आतच जाते. हा फरक मेकॅनिककडे जाण्यापूर्वी तुम्हाला माहीत असेल, तर त्याचा अर्धा दिवस आणि तुमचे पैसे वाचतात.

पुठ्ठ्यावरचा प्रत्येक डाग कूलंटचा नसतो. उन्हाळ्यात एसी लावून आलेल्या गाडीखाली स्वच्छ पाणी ठिबकते आणि नवे चालक घाबरतात. ते हवेतील बाष्पाचे पाणी आहे. त्याला वास नसतो आणि बोटांना चिकट लागत नाही. कूलंट मात्र हिरवे, लाल, गुलाबी किंवा निळे असते, बोटांमध्ये किंचित बुळबुळीत लागते आणि वाळल्यावर रंगीत किंवा पांढरी कड सोडते. हात लावून झाल्यावर धुवा, आणि ते कधीही चाखून पाहू नका. बहुतेक कूलंटमध्ये असलेले इथिलीन ग्लायकॉल गोडसर असते आणि विषारी असते. सांडलेले कूलंट अंगणात तसेच सोडले तर कुत्रे, शेळी किंवा वासरू ते चाटते, म्हणून त्यावर माती टाकून ती माती भरून घ्यावी आणि जागा धुवून काढावी.

त्या गाडीच्या पुठ्ठ्यावर पट्ट्याच्या बाजूला, खाली, नाण्याएवढा डाग दिसला. बॅटरी लावून पाहिले तेव्हा वॉटर पंपाच्या खालच्या बाजूला वाळलेल्या मिठासारखी पांढरी रेघ होती. पंपाच्या अंगावर एक बारीक छिद्र निर्मात्याने मुद्दाम ठेवलेले असते. आतील सील झिजले की पाणी बेअरिंगमध्ये न जाता त्या छिद्रातून बाहेर यावे, हा त्यामागचा हेतू. तेथून रेघ दिसू लागली की पंपाचे आयुष्य संपत आले असे समजावे. ते छिद्र एम-सीलने बुजवून देणारे लोक आहेत. त्यांच्याकडून हे काम कदापि करून घेऊ नका, कारण मग पाणी बेअरिंगमध्ये शिरते, पंप रस्त्यातच जाम होतो आणि जाताना पट्टा घेऊन जातो.

झाकणावरचा थर आणि पंपाची झीज यांचे मूळ एकच होते, आणि ते आपल्या भागात जागोजागी आढळते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील हा आपला खारपाणपट्टा आहे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत तो पसरलेला आहे आणि येथील विहिरी व बोअरचे पाणी खारे आहे. ज्या पाण्यावर धड पीक येत नाही, ते पाणी आपण बादलीने रेडिएटरमध्ये ओततो. त्यातील क्षार तापलेल्या धातूवर थर धरतात आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या आतून अरुंद होतात. त्यातील क्लोराइड ॲल्युमिनियमला खाते, आणि आजच्या गाड्यांचे रेडिएटर, इंजिनचे हेड व पंपाची बॉडी बहुतांशी ॲल्युमिनियमचीच असते. थराचे खडबडीत कण पंपाच्या सीलवर घासतात. अशा रीतीने पाणी टाकून समस्या मिटते असे वाटत असताना त्याच पाण्याने पुढची गळती तयार होत असते. त्या शेतकऱ्यांनी आधीच्या उन्हाळाभर बोअरचेच पाणी टाकले होते.

म्हणून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर हे दोनच द्रव वापरायचे. डिस्टिल्ड वॉटर म्हणजे बॅटरीत टाकायचे पाणी, ते पेट्रोल पंपावर किंवा बॅटरीच्या दुकानात मिळते. घट्ट कूलंट घेतले तर ते आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे मिसळावे. तयार मिश्रण घेतले तर त्यात आणखी पाणी घालू नये. डबा तयार मिश्रणाचा आहे की घट्ट कूलंटचा, हे डब्यावर लिहिलेले असते आणि ते वाचूनच घ्यावे. रंगावर विसंबू नका. रंग हा निरनिराळ्या कंपन्यांनी आपापल्या सोयीने दिलेला असतो, आणि हिरव्यात हिरवे मिसळले म्हणजे ते एकाच जातीचे झाले असे होत नाही. गाडीच्या पुस्तिकेत जो प्रकार लिहिला आहे तोच खरा.

त्या गाडीचा पंप बदलला, जुने पाणी काढले, आणि निघणारे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत यंत्रणा डिस्टिल्ड वॉटरने धुवून काढली. मग मिश्रण भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवला, झाकण उघडे ठेवून इंजिन सुरू केले आणि होज पाईप हाताने दाबत राहिलो. अडकलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर येते आणि पातळी टप्प्याटप्प्याने खाली बसते, तसे वरून भरत जायचे. मिश्रण पूर्ण तापून तोंडापर्यंत उसळू लागण्याआधीच झाकण लावून घ्यायचे. पंखा एकदा सुरू होऊन बंद झाला की इंजिन थांबवायचे, आणि ते पूर्ण थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहायची. हवा काढली नाही तर दुसऱ्याच दिवशी पातळी खाली गेलेली दिसते आणि गळती राहिली असा चुकीचा समज होतो. पुढे वहीत घसरण दिसली नाही आणि घाटातही दिवा लागला नाही.

गळतीच्या इतर जागा मी थोडक्यात सांगतो. होज पाईपच्या टोकाशी क्लिपखाली पांढरी-हिरवी बुरशीसारखी कड दिसते, तेथे बहुतेक वेळा क्लिप बदलूनच काम भागते. रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाक्या आणि ॲल्युमिनियमची जाळी यांच्या जोडावर ओल दिसली तर ती क्लिपने मिटत नाही, रेडिएटर खोलावा लागतो. डाव्या बाजूच्या आसनापुढील मॅट ओली असेल, गाडीत गोडसर वास येत असेल आणि काचेवर आतून तेलकट धुके धरत असेल, तर हीटरची जाळी गळते आहे. आपल्याकडे हीटर कोणी लावत नाही, पण अनेक गाड्यांत त्याच्या जाळीतून कूलंट फिरतच असते. आणि पुठ्ठा कोरडा, बाहेर कोठे ओल नाही, तरीही पातळी घसरते, अशा वेळी हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनचे हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलचा, संशय घ्यावा लागतो. थंड इंजिन सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांतच वरचा पाईप दगडासारखा कडक होणे, टाकीत सतत बुडबुडे येणे, सायलेन्सरमधून इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहणे, या त्याच्या खुणा आहेत. यांपैकी एक दिसली तरी गाडी पुढे चालवू नये आणि गॅरेजमध्ये दाबाची चाचणी करून घ्यावी. त्या चाचणीत झाकणाच्या जागी हातपंप बसवून झाकणावर छापलेल्या आकड्याइतका दाब भरतात आणि काटा उतरतो का ते पाहतात. गळती बाहेरची असेल तर ती या दाबाखाली थंड इंजिनातही दिसून येते.

मागच्या तुकडीतील एका ताईंनी विचारले होते, “सर, आमच्या गाडीला रेडिएटरवर झाकणच नाही, मग आम्ही काय उघडायचे?” बऱ्याच नव्या गाड्यांत तसे असते. त्यांत प्लॅस्टिकची टाकीच दाबाखाली असते आणि दाबाचे झाकण तिच्यावर असते. तेथे टाकीतील पातळी हीच खरी पातळी, त्यामुळे मी सांगितलेली फसगत होत नाही. ज्यांच्या रेडिएटरवर वेगळे झाकण आहे, त्यांनी मात्र रोज टाकी पाहावी आणि आठवड्यातून एकदा, पूर्ण थंड इंजिनात, रेडिएटरचे झाकण उघडून पाणी तोंडापर्यंत आहे का ते पाहावे. गरम इंजिनाचे कोणतेही झाकण उघडायचे नाही. दाब सुटल्याबरोबर आतील पाणी त्याच क्षणी उकळते आणि उघडणाऱ्याच्या तोंडावर व छातीवर येते.

रस्त्यात तापमानाचा लाल दिवा लागला किंवा काटा वर चढू लागला, तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा पूर्ण वेगावर लावा, काचा खाली करा आणि पहिल्या सुरक्षित जागी गाडी थांबवून इंजिन बंद करा. हीटर ही एक छोटी रेडिएटरच आहे, ती इंजिनची थोडी उष्णता बाहेर काढते. बोनेटमधून वाफ येत असेल तर ती थांबेपर्यंत बोनेट उघडू नका. किमान अर्धा तास थांबा. वरचा पाईप हाताने दाबता येईल इतका मऊ व कोमट झाल्यावरच जाड फडके ठेवून झाकण हळूहळू फिरवा. तापलेल्या, रिकाम्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतले तर हेडला तडा जाऊ शकतो, म्हणून इंजिन कोमट होईपर्यंत धीर धरा आणि पाणी थोडे थोडे घाला. अशा अडचणीत पिण्याचे कोणतेही स्वच्छ पाणी चालेल, पण घरी पोहोचल्यावर ते काढून योग्य मिश्रण भरावे लागेल, ही गोष्ट त्या वेळीच वहीत लिहून ठेवा. आणखी एक धोका असा की पातळी फार खाली गेली तर तापमान मोजणारा सेन्सर पाण्याबाहेर पडतो आणि काटा उलट खाली येतो. आधी चढलेला काटा गाडी न थांबवता अचानक उतरला, तर इंजिन थंड झाले असे समजून पुढे जाऊ नका.

आता इंजिन ऑईल. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद होऊन किमान पाच-दहा मिनिटे झालेली असावीत, म्हणजे वर चढलेले ऑईल खाली उतरते. ऑईल मोजण्याची पट्टी ओढून काढा, स्वच्छ फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला आणि पुन्हा काढून पाहा. पहिल्यांदा काढलेल्या पट्टीवरची पातळी खरी नसते. ऑईल दोन खुणांच्या मध्ये, शक्यतो वरच्या अर्ध्या भागात असावे. वरच्या खुणेच्या पुढे भरणेही अपायकारक असते. डिझेल गाडीचे ऑईल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळे पडते, त्यात दोष नाही. मात्र पट्टीवर ऑईलऐवजी दुधाळ, कॉफीसारखा फेस दिसला, तर कूलंट ऑईलमध्ये गेले आहे आणि मघाशी सांगितलेला हेड गॅस्केटचा संशय जवळजवळ खरा ठरतो. अशी गाडी सुरूही करू नये. थंडीच्या दिवसांत केवळ गावातल्या गावात चालणाऱ्या गाडीच्या ऑईल भरण्याच्या झाकणाखाली थोडी साय धरते, ती बाष्पाची असते. पट्टी स्वच्छ असेल तर त्यासाठी घाबरण्याचे कारण नाही. डॅशबोर्डवरचा लाल ऑईलचा दिवा पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. तो चालत्या गाडीत लागला याचा अर्थ इंजिनला ऑईल पोहोचत नाही, आणि तेव्हा पुढच्या गावापर्यंत जाण्याचा विचार न करता तेथेच इंजिन बंद करायचे.

काच धुण्याच्या पाण्यात कूलंट किंवा कपड्यांची पावडर घालू नका. टाकी भरलेली आहे आणि फवारा काचेवर येतो, एवढे पाहिले की पुरे.

ब्रेक ऑईलची टाकी बोनेटखाली, चालकाच्या बाजूला, मागे असते. ती बाहेरूनच पाहा, रोज झाकण उघडू नका, कारण हे ऑईल हवेतील बाष्प ओढून घेते आणि त्याने त्याचा उकळण्याचा बिंदू उतरतो. चिखलदऱ्याहून उतरताना सतत ब्रेक दाबून धरलेल्या गाडीत असे जुने ऑईल उकळले, तर पेडल मऊ होऊन खाली जाते. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते पूर्ण बदलतात. कूलंटप्रमाणे येथेही घसरण का झाली हा प्रश्न आधी विचारायचा. कित्येक महिन्यांत पातळी हळूहळू उतरली असेल, तर बहुधा ब्रेक पॅड झिजले आहेत आणि तेवढे ऑईल चाकाकडच्या पिस्टनमागे गेले आहे. अशा वेळी नुसते ऑईल न भरता आधी पॅड तपासून घ्यावेत. पण कालपेक्षा आज पातळी खाली आहे, किंवा एखाद्या चाकाच्या आतल्या बाजूला ओल आहे, किंवा पेडल पूर्वीपेक्षा खोल जाते, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर गळती आहे असेच समजावे. तेव्हा ऑईल भरून निघायचे नाही आणि हळू चालवत गॅरेज गाठायचाही प्रयत्न करायचा नाही. मेकॅनिकला गाडीपाशी बोलवा किंवा गाडी टोचन करून न नेता ट्रकवर चढवून न्या, कारण दोराने ओढल्या जाणाऱ्या गाडीलाही थांबायला तोच ब्रेक लागतो.